हॅलो... हो, बोला!

न्यू जर्सीतल्या एडिसनला तुमचं फराळाचं छोटं दुकान आहे, गणपती दोन दिवसांवर आलेत, दोन्ही हात उकडीत आहेत आणि फोन वाजतोय. अशा वेळी व्हॉइसमेलवरचं स्वागत इतकं भरघोस हवं की गिऱ्हाइकाने पुन्हा फोन करायचं नाव काढू नये.

सुरुवात "हॅलो... हो, बोला!" अशी करा आणि चक्क तीन सेकंद गप्प बसा. पलीकडच्या काकू "अहो, एकवीस मोदक हवे होते" म्हणाल्या, की मग "आम्ही सध्या फोन घेऊ शकत नाही" हे ऐकवा. दुकानाचं नाव मात्र शेवटी. आधीच सांगितलं तर नंबर बरोबर लागलाय हे काकूंना कळेल, मग उत्सुकता काय राहिली?

रेकॉर्डिंग कढईशेजारीच करा. दार लावून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून बोललं की शब्द न् शब्द कळतो म्हणे. पण मग तळणीची चुरचुर कुठून येणार?

आता मुख्य गोष्ट. "निरोप ठेवा" एवढंच म्हणायचं; निरोपात काय सांगायचं ते काकूंचं काकू बघतील. त्या उकडीचे की तळणीचे इथून सुरुवात करतील, सुनेला जायफळ चालत नाही तिथे पोचतील आणि फोन नंबर सांगायला घेतील तेवढ्यात वेळ संपून निरोप तुटेल. तुम्ही कधी फोन करणार, हेही "लवकरच" या शब्दात झाकून टाका. "रात्री आठपर्यंत" म्हणालात तर आठला खरंच फोन करावा लागतो, ही नसती जबाबदारी. काकूंना मात्र ऑर्डर लागली असंच वाटू द्या.

दिवाळीच्या शुभेच्छा एकदा रेकॉर्ड केल्या की मे महिन्यापर्यंत राहू द्या. आणि दुसऱ्या फोनवरून स्वतःचा नंबर लावून ऐकायचा मोह टाळा. निरोपांची पेटी कधीच भरलीये, हे उगाच कळायचं.

तुमच्यापासून चार दुकानं सोडून एक बाई आहेत, त्यांना यातलं काही म्हणजे काही जमत नाही. ऐका: "नमस्कार, फराळाचं दुकान. आत्ता हात पिठात आहेत. मोदक हवे असतील तर नाव, फोन नंबर दोनदा, किती नग आणि कधी नेणार ते सांगा. आज रात्री आठच्या आत फोन करते; तो आल्यावरच ऑर्डर पक्की समजा. घाई असेल तर याच नंबरवर मेसेज करा." पंचवीस सेकंदांत संपलं! ना उत्सुकता, ना चुरचुर.

काकूंचे एकवीस मोदक त्या बाईंनीच केले, जायफळ न घालता. तुम्ही खुशाल उकड मळत बसा, फोन आता वाजायचा थांबलाय.