जुळलेल्या बिलांमध्येच फरक लपतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

«VLOOKUP लावा, फरक सापडेल असं तुम्ही लिहिलंत. आम्ही लावला. अर्ध्या ओळींना #N/A आलं, उरलेल्या सगळ्या जुळल्या, तरी क्लोजिंग बॅलन्सचा फरक तसाच. इतकं सोपं असतं तर आम्हीच केलं असतं. आता फरक राइट ऑफ करून मोकळं व्हायचं ठरवलंय.»

राइट ऑफ थांबवा. आणि चूक माझीच आहे, व्हेंडरची आणि आपली लेजर जुळवण्याच्या त्या लेखात मी VLOOKUP ची मुख्य खोड सांगितलीच नव्हती.

#N/A चा प्रश्न किरकोळ आहे. व्हेंडर SP/0388/24-25 लिहितो, तुमचा ऑपरेटर रेफरन्समध्ये 388 टाकतो. शिवाय एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला टेक्स्ट. दोन्ही शीटवर बिल नंबरातून नुसता अनुक्रमांक काढून B कॉलममध्ये ठेवा. खालचं पहिलं सूत्र वरच्या नमुन्यापुरतं आहे. तुमच्या व्हेंडरच्या नंबराप्रमाणे त्यातले आकडे बदला. अनुक्रमांक दरवर्षी 1 पासून सुरू होतो, म्हणून एका वेळी एकच आर्थिक वर्ष घ्या.

खरा घोळ जुळलेल्या ओळींत असतो. VLOOKUP पहिली जुळणी मिळाली की थांबतो. तुमच्याकडे 388 नंबरचं बिल दोनदा चढलं असेल, तर दोन्ही ओळींना व्हेंडरची तीच एक ओळ सापडते आणि दोन्ही बरोबर दिसतात. म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज करून वजाबाकी घ्या:

```
=VALUE(IF(ISNUMBER(FIND("/",A2)),MID(A2,4,4),A2))
=SUMIFS(Vendor!C:C,Vendor!B:B,B2)-SUMIFS(Ours!C:C,Ours!B:B,B2)
```

C मध्ये फक्त बिलांची, टीडीएस कापण्याआधीची रक्कम हवी. हे आपल्या शीटवरून करा, मग व्हेंडरच्या शीटवरूनही. एकाच बाजूने केलं तर आपण न चढवलेली बिलं दिसतच नाहीत.

आता एक नमुना. 31 मार्च 2025 ला व्हेंडर आपल्याकडून 6,84,200 येणं दाखवतो, आपल्या लेजरला देणं 5,46,850. फरक 1,37,350. हा निव्वळ फरक आहे. त्यात अधिक-उणे दोन्ही असतात, म्हणून 1,37,350 चं बिल शोधत बसण्यात अर्थ नाही.

29 मार्चचं 1,18,000 चं बिल: माल आला, जीआरएन झाली, पण बिल चढलं नाही. आलेल्या मालाची रक्कम बिल चढेपर्यंत जिथे थांबते त्या जीआर-आयआर खात्यात ती अडकली आहे. आपण 28 मार्चला पाठवलेले 50,000 व्हेंडरकडे आपल्या कंपनीच्या दुसऱ्या प्लांटच्या कस्टमर कोडला जमा झाले. व्हेंडरला त्या पेमेंटचा यूटीआर नंबर द्या आणि आपल्या सगळ्या कोडची लेजर मागवा, एकाच कोडची नको.

रिजेक्शनची डेबिट नोट आपण 23,600 ची काढली, म्हणजे 20,000 अधिक 18 टक्के जीएसटी. व्हेंडरने क्रेडिट नोट दिली नुसती 20,000 ची. फरक 3,600. दोन्ही लेजरवर नोट असल्यामुळे ‘नोट आली का’ एवढंच तपासणाऱ्याला हा सापडत नाही. जीएसटीसह दिलेली क्रेडिट नोट GSTR-2B मध्ये दिसते, जीएसटीशिवायची कमर्शियल नोट दिसत नाही. माल परत गेला असेल तर व्हेंडरकडून जीएसटीसह नोट मागा. 2024-25 च्या पुरवठ्यासाठी ती दाखवायची मुदत 30 नोव्हेंबर 2025 होती. आपली डेबिट नोट कितीही बरोबर असली तरी व्हेंडरचा कर तिने कमी होत नाही.

मग 0.1 टक्के टीडीएस: 11,50,000 वर 1,150. आपण बिल चढवतानाच कापला, व्हेंडरने अजून नोंदवलेला नाही.

या चारांची बेरीज 1,72,750. फरकापेक्षा 35,400 जास्त. म्हणजे आपल्याच बाजूला तेवढं देणं जास्तीचं बसलं आहे, आणि ते वरचं 388 नंबरचं दुहेरी बिल. SAP मध्ये व्हेंडर मास्टरला दुहेरी बिलाची तपासणी चालू असली, तरी एकदा 388 आणि एकदा SP/0388/24-25 टाकलं की ती ते दोन वेगळी बिलं धरते. आधी दुसऱ्यांदा चढलेल्या बिलाला पेमेंट ब्लॉक लावा, नाहीतर पुढच्या पेमेंट रनमध्ये पैसे जातील. मग बिल रिव्हर्स करा, त्यावर जीएसटी वगळून कापलेले 30 रुपये टीडीएससुद्धा. वरच्या 1,150 मध्ये ते धरलेले आहेत, त्यामुळे व्हेंडरने नोंदवायचे 1,120 च. याच बिलावर आयटीसी घेतलं असेल तर तेही उलटवावं लागेल.

एवढं करूनही गोल रक्कम उरली, तर SAP च्या FBL1N या व्हेंडर लेजरच्या रिपोर्टमध्ये Special G/L transactions वर टिक आहे का बघा. ती नसेल तर व्हेंडरला दिलेला अ‍ॅडव्हान्स यादीत येत नाही.