परदेशातून : चौकशीच्या टेबलावर दुसरी खुर्ची

"तुझ्याकडे तिकडे शिस्तभंगाच्या सुनावणीला कामगार सोबत कुणालाही घेऊन जातो म्हणे. आमच्या लोट्यातल्या 140 माणसांच्या कंपनीत असं सुरू केलं तर एक तरी चौकशी पुरी होईल का रे?" (शाळेपासूनचा मित्र, लोटे परशुराम एमआयडीसीत एचआर सांभाळतो.)

होईल. पण "कुणालाही" तेवढं खोडून टाक.

ब्रिटनचा 1999 चा कायदा सोबतीला तीनच प्रकारची माणसं चालवून घेतो: युनियनचा पगारी अधिकारी, युनियनने अनुभव किंवा प्रशिक्षण पाहून लेखी प्रमाणित केलेला कार्यकर्ता, नाहीतर त्याच मालकाकडे काम करणारा सहकारी. बायको, मेव्हणा, वकील यांना आत घ्यायला मालक बांधील नाही. उलट कंपनीने युनियनला मान्यता दिलेली नसली तरी युनियनचा माणूस येऊ शकतो. तुझ्यासारख्या एचआरवाल्याला हे पचायला जड जाईल, मला कल्पना आहे.

मी लेस्टरमध्ये एका गोदामात काम करतो आणि युनियनचा प्रमाणित प्रतिनिधी म्हणून अशा सुनावण्यांना बसतो. त्यातली एक सांगतो, म्हणजे वेळेचा प्रश्न आपोआप सुटेल.

माझ्या पाळीतल्या एका पोलिश फोर्कलिफ्टवाल्यावर आरोप होता की त्याने पॅलेट रॅकच्या खांबावर आपटलं आणि कळवलं नाही. सुनावणी मंगळवारी सकाळी ठरली. त्याला मी हवा होतो आणि मी गुरुवारपर्यंत युनियनच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी. मॅनेजर म्हणाला, दुसरा कुणी आण. तसं त्याला म्हणता येत नाही, कारण त्या तीन प्रकारांतला माणूस कोणता हे कामगारानेच ठरवायचं. पण कामगारालाही तारखा वाढवत बसता येत नाही. सोबतीच्या अडचणीसाठी दुसरी वेळ सुचवायची तर ती मूळ तारखेनंतरच्या पाच कामाच्या दिवसांत बसली पाहिजे. मंगळवारची सुनावणी म्हणजे फार तर पुढचा मंगळवार. आम्ही शुक्रवार सकाळ सुचवली आणि मॅनेजरला ती द्यावी लागली.

आत गेल्यावर माझं काम किती, हेही बांधलेलं आहे. मी त्याची बाजू मांडू शकतो, शेवटी समारोप करू शकतो, मध्येच त्याच्याशी कुजबुजू शकतो. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी देऊ शकत नाही. मॅनेजरने विचारलं, "फॉर्म का भरला नाहीस?" हा गप्प, नजर माझ्याकडे. मी दहा मिनिटं मागून घेतली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, पाळीच्या प्रमुखाला तोंडी सांगितलं होतं. पण तो गावचा मित्र, त्याचं नाव कसं घेऊ? परत आत जाऊन ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि समारोपात मी त्या प्रमुखाला विचारायची मागणी केली. विचारलं, त्याने कबूल केलं. फॉर्म भरला नव्हता हे खरंच होतं, त्यामुळे अंतिम लेखी ताकीद मिळाली. नोकरी वाचली. सगळं मिळून दोन तास.

इथलं सगळं उत्तम आहे असं मात्र समजू नकोस. हा हक्क फक्त सुनावणीला आहे, तिच्या आधीच्या तपासाच्या बैठकीला नाही. माणूस एकटा बसून नको ते बोलतो ते तिथेच, आणि मग सुनावणीत माझ्यापुढे त्याचीच सही असलेला जबाब येतो. शिवाय मालकाने हक्क नाकारला तर त्याबद्दल न्यायाधिकरण देणार जास्तीत जास्त दोन आठवड्यांचा पगार, आणि त्यालाही वरची मर्यादा.

आता लोट्याकडे येऊ. केंद्राचे नवे कामगार कोड येण्याच्या आधी माझ्या चुलतभावाची तिथे खातेचौकशी झाली. कंपनी वेगळी होती, म्हणून घाबरू नकोस. तो ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, ऑपरेटर. चार्जशीट अशी की रात्रपाळीत अडीच वाजता सुपरवायझरला तो झोपलेला सापडला. चौकशी अधिकारी मुंबईहून आलेले वकील, बैठक कंपनीच्या गेस्टहाऊसवर. स्थायी आदेश म्हणजे कंपनीतल्या नोकरीचे आणि शिस्तीचे लेखी नियम. महाराष्ट्राच्या तेव्हाच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार कामगाराचा बचाव त्याच्याच खात्यातला कामगार करू शकत होता, किंवा तो ज्या युनियनचा सभासद आहे तिचा पदाधिकारी. साक्षीदारांची उलटतपासणीही करता येत होती. लेस्टरला मला साक्षीदाराला थेट प्रश्न विचारायचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे कागदावर लोट्यातला कामगार माझ्या पोलिश मित्रापेक्षा वरचढ.

पण ईटीपीवर माणसं होती चार. एक स्वतः भाऊ. दुसरा कंपनीचाच साक्षीदार. तिसरा कंत्राटी, त्याला सहा महिन्यांनी गेटपास मिळतो की नाही याचीच भ्रांत. चौथा आमच्याच वाडीतला, सख्ख्यासारखा. त्याचा मुलगा त्याच कंपनीत अप्रेंटिस लागायचा होता. तो घरी येऊन काकूकडे पाणी प्याला आणि म्हणाला, "काकी, माजा नाव नको घेवक सांगा." त्याला दोष कोण देणार?

मग आले अण्णा, युनियनचे तेव्हाचे चिटणीस. एचआरने "बाहेरचा माणूस चालणार नाही" म्हटल्यावर अण्णांनी स्थायी आदेशाचं पान पुढे केलं. अधिकारी वकील असल्याने त्यांनी ते वाचलं आणि परवानगी दिली. अण्णांनी सुपरवायझरला तीनच गोष्टी विचारल्या. पीएचचे तासातासाचे आकडे लॉगशीटवर कुणाच्या अक्षरात आहेत? दोनचा आणि तीनचा आकडा भावाच्या हातचा होता. त्या रात्री तुम्ही प्लांटबाहेर गेला होतात का? चहाला, हायवेवर. परत किती वाजता आलात? आठवत नाही. अण्णांनी गेटचं रजिस्टर मागवलं. त्यात परतीची वेळ 2:50.

भावाला हे प्रश्न सुचले नसते का? सुचलेही असते. पण स्वतःच्या सुपरवायझरला, ज्याच्या हाताखाली उद्या परत उभं राहायचंय, "खोटं बोलताय" हे कोण विचारतो? माझ्या मते सोबतच्या माणसाचा खरा उपयोग इथे आहे. कायदा कळणं नंतरचं.

हा लेख लिहिण्याआधी मी तिघांशी बोललो. मित्राचं म्हणणं, आता हा विषयच संपला. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात स्थायी आदेश 300 कामगारांपासून पुढे. महाराष्ट्रात आधी ही मर्यादा 50 होती. त्याच्या कंपनीत 140, म्हणजे सुटला. हे अर्धंच बरोबर आहे. काढून टाकण्याआधी आरोप सांगून म्हणणं ऐकून घ्यायचं, हे नैसर्गिक न्यायाचं बंधन 300 वर अवलंबून नाही. मात्र सोबत प्रतिनिधी आणायचा हक्क त्या न्यायात आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालय 1960 च्या टाटा लोकोमोटिव्हच्या कालिंदी खटल्यापासून सांगत आलं आहे. तो कायद्याने, स्थायी आदेशाने किंवा करारानेच मिळतो. म्हणजे चौकशी राहिली आणि दुसरी खुर्ची गेली.

अण्णा आता निवृत्त, पण आवाज तोच. "गेली कशी? युनियनांच्या मान्यतेचा 1971 चा राज्याचा कायदा आहे ना. मान्यता नसलेली युनियनसुद्धा आपल्या सभासदासाठी खातेचौकशीत उभी राहू शकते. आणि कंपनीने आपली बाजू मांडायला टेबलावर कायद्याचा माणूस बसवला तर कामगारालाही वकील द्यावा लागतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नाडकर्णी प्रकरणात 1982 ला झालंय ते." मित्र म्हणतो, कोडपुढे राज्याचा कायदा टिकेल का ते बघू. ते कुणीतरी कोर्टात जाईपर्यंत कळायचं नाही. पण अण्णांच्या एका वाक्यावर दोघांचंही दुमत नव्हतं: प्रतिनिधी नाकारला तर हरकत पहिल्याच दिवशी कामकाजाच्या कागदावर लिहून घ्यायची. प्रत्येक पानावर मुकाट सही करून वर्षाने लेबर कोर्टात "मला एकटं बसवलं" म्हटलं, तर तिथला पहिला प्रश्न असतो, तेव्हा का नाही बोललात?

तिसरी आमची वहिनी. दापोलीकडे एका रिसॉर्टवर हाऊसकीपिंगला होती. तिला वाटलं मी वकील देण्याबद्दल लिहितोय. "वकील कशाला हवाय भाऊजी? मला कुणी चौकशीला बोलावलंच नाय. पाहुण्याची अंगठी हरवली, संध्याकाळी मॅनेजर म्हणाला उद्यापासून नको येऊ." वीस-बावीस माणसांचा रिसॉर्ट, युनियन नाही. अंगठी पुढे सापडली की नाही हेही तिला कुणी सांगितलं नाही. तिच्यापुढे माझा सगळा लेख पोकळ वाटतो, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, काजूच्या कारखान्यांत, मासळीच्या प्लांटमध्ये तिच्यासारखीच जास्त असणार.

तरी मित्राला सांगायचं ते सांगतो. ब्रिटनकडून घ्यायचंच असेल तर "सोबत माणूस" हे कलम घेऊ नको, ते आपल्याकडे जास्त तगड्या रूपात होतं. त्याच्या शेजारची दोन घे. पाच दिवसांची मुदत, म्हणजे तुझी चौकशी गणपतीपासून शिमग्यापर्यंत लांबणार नाही. आणि सोबत बसणाऱ्या सहकाऱ्याला त्याबद्दल त्रास दिला किंवा काढलं तर त्यावर मालकाविरुद्ध स्वतंत्र दावा करता येतो, तो वेळ त्याला पगारी मिळतो, हे कलम. आमच्या वाडीतला तो चौथा माणूस त्या एका ओळीवर कदाचित आला असता. कदाचित म्हणतो, कारण मुलाची अप्रेंटिसशिप कुठल्या कलमात बसवणार? शिवाय "खात्यातलाच" ही अटही काढ. चार माणसांच्या खात्यात ती अट म्हणजे नकारच. कंपनीतला कुणीही चालेल असं लिही. कोडने तुला स्थायी आदेश सक्तीचे केले नाहीत, पण नेमणूकपत्रात किंवा सेवानियमांत एवढ्या तीन ओळी घालायला कुणाची मनाई नाही.

मित्राने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहेबांना पगारी वेळेचं कसं पटवू? रात्रपाळीचा माणूस सकाळच्या चौकशीला बसला तर ओव्हरटाइम धरायचा का? मला उत्तर सुचलं नाही. लेस्टरला आम्ही पाळी बदलून घेतो, पण तिथे बदलीला माणसं असतात. भाऊ अजून ईटीपीवरच आहे. सुपरवायझरची बदली दुसऱ्या प्लांटला झाली, का ते कंपनीने कुणाला सांगितलं नाही.