एका ओळीत बग गेला म्हणे!

"सेलच्या आदल्या रात्री बिलात एका शतांशाचा फरक येत होता. सगळे सिनियर हरले. नव्या पोरानं एक ओळ घातली, उत्तर दोन दशांशांपर्यंत राउंड केलं आणि बग गायब! फ्लोटिंग पॉइंट ही कम्प्युटरची चूक आहे. राउंड करा आणि निवांत झोपा. उरलेसुरले शतांश एकमेकांना कापतातच."

ही गोष्ट माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या टीममधल्या कुणीतरी पाठवली, तीही नेमकी सेलच्या आदल्या रात्री साडेअकराला. ती तेव्हा असाच बग शोधत बसली होती. वैतागून तिनं मला फोन केला, "ताई, राउंड तर दोन्हीकडे आहेच गं!"

खरी गोम तिथंच होती. कार्टमध्ये दहा टक्के सवलत किमतीला ०.१ नं गुणून काढली जायची. बिल बनवणारा कोड दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला, तो दहानं गुणून शंभरनं भागायचा. कागदावर दोन्ही एकच. २६.७५ किमतीची एक वस्तू घेऊन तिनं दोन्ही चालवून पाहिलं:

```python
>>> round(26.75 * 0.1, 2)
2.68
>>> round(26.75 * 10 / 100, 2)
2.67
```

म्हणजे ग्राहकाला कार्टमध्ये २४.०७ दिसणार आणि बिल २४.०८ चं निघणार. दोन रकमा जुळल्या नाहीत की पेमेंटच्या आधीची तपासणी ऑर्डर अडवते, आणि तसंच होत होतं. मी तिला म्हटलं, "राउंड काढ आणि कच्चे आकडे बघ." पहिल्या हिशेबात 2.6750000000000003 निघाला, दुसऱ्यात 2.675. हा दुसराही दिसतो तसा नाही. दशांशात एक तृतीयांश जसा कधी पुरा लिहिता येत नाही, तसा २.६७५ बायनरीत बसत नाही. मेमरीत त्याच्या किंचित खालचा, २.६७४९९९९… असा आकडा असतो. एक आकडा अर्ध्याच्या जरा वर, दुसरा जरा खाली. दोघांमधला फरक दशांशचिन्हानंतर सोळाव्या घरातला. तो कुणाच्या नजरेसही पडला नसता. राउंडनंच त्याचा अख्खा शतांश केला! जी ओळ औषध म्हणून वाटली जातेय, तिनंच दुखणं वाढवलं होतं.

चाचण्या मात्र सगळ्या पास होत्या, कारण त्यांत ३० आणि ५० अशा गोल किमती होत्या. २६.२५ घातली असती तरी काही कळलं नसतं. तिची सवलत २.६२५ बायनरीत नेमकी बसते, त्यामुळे दोन्ही हिशेब एकच उत्तर देतात. असा बग पकडायचा तर सवलत बरोबर अर्ध्या शतांशावर येईल अशा बऱ्याच किमती दोन्ही वाटांनी चालवून पाहाव्या लागतात.

कम्प्युटरची चूक म्हणाल, तर पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात `round()` च्या माहितीतच हे उदाहरण आहे: `round(2.675, 2)` चं उत्तर 2.67 येतं आणि हा बग नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. मेसेज पुढं ढकलण्याआधी तेवढं पान वाचायला काय हरकत होती?

शतांश एकमेकांना कापतात, हे अर्धं खरं आहे. रकमा वेगवेगळ्या असतील तर काही वर जातात, काही खाली, तेवढं मान्य. पण सेलमध्ये तीच वस्तू, तीच किंमत, तीच सवलत हजारो वेळा विकली जाते. प्रत्येक ऑर्डर त्याच बाजूला झुकते, मग कापणार कोण कुणाला? व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो नव्यानं मोजला जायचा आणि तिसऱ्या दशांशापुढचे आकडे छाटले जायचे. छाटणी कायम खालीच. बावीस महिन्यांनी पडद्यावर ५२४ च्या आसपास आकडा होता. नीट मोजल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

पडद्यावर दाखवताना दोन दशांश ठेवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हिशेब मात्र पूर्णांकात करा. बहिणीनं किंमत शतांशांत, म्हणजे २६७५ अशी धरली आणि सवलतीचं एकच फंक्शन करून दोन्ही ठिकाणी तेच लावलं:

```python
discount = (2675 * 10 + 50) // 100   # 268
```

यातले ५० म्हणजे 'अर्धा आला की वर' हा नियम. आता तो कोडमध्ये उघड दिसतो. पण सवलत वर न्यायची की खाली, हे डेव्हलपरनं परस्पर ठरवायचं नसतं. म्हणून रात्री दीडला तिनं हिशेब विभागातल्या बाईंना उठवून विचारलं. त्या म्हणाल्या, "वर. ग्राहकाच्या बाजूनं." मग तिनं यादीतल्या सगळ्या किमती दोन्ही वाटांनी चालवल्या. शेवटची जुळली तेव्हा चार वाजले होते, आणि सेल सहाला सुरू होणार होता.