समान एकूण लॉस, तरी समान नसलेल्या बोली: लॉस भांडवलीकरणाबाबतच्या एका दाव्याचा प्रतिवाद

«ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ९९ टक्क्यांच्या आसपास असतेच, मग उरलेल्या एका टक्क्यासाठी महाग बोली कशाला स्वीकारायची? लॉस बघायचाच असेल तर नो-लोड आणि लोड लॉसची बेरीज करून तुलना करावी. शिवाय हे आकडे बोलीदार कागदावर हवे तसे लिहितात.»

कार्यक्षमतेचा आकडा चुकीचा नाही, पण तो एका विशिष्ट भारावरचा आहे, आणि निविदेत निर्णय घ्यायचा असतो तो संपूर्ण आयुष्यातल्या खर्चाचा. गाभ्यातला नो-लोड लॉस ट्रान्सफॉर्मर चार्ज असेपर्यंत भार असो वा नसो, वर्षाचे ८७६० तास चालूच राहतो. १.७ किलोवॅटचा नो-लोड लॉस म्हणजे वर्षाला १४,८९२ युनिट. ही वीज विकत घ्यावी लागते, आणि ती पंचवीस वर्षे घ्यावी लागते.

दुसरा मुद्दा सर्वांत दिशाभूल करणारा आहे, म्हणून तो आकडे मांडूनच तपासू. समजा १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरसाठी दोन बोली आल्या आहेत. पहिलीत किंमत १५ लाख रुपये, नो-लोड लॉस १.७ किलोवॅट आणि पूर्ण भारावरचा लोड लॉस १०.५ किलोवॅट आहे. दुसरीत किंमत १६.२ लाख, नो-लोड लॉस १.१ आणि लोड लॉस ११.१ किलोवॅट आहे. दोन्हींत बेरीज १२.२ किलोवॅटच येते, म्हणून बेरजेवर जाणारा खरेदीदार डोळे झाकून पहिली बोली उचलेल.

आता विजेचा दर युनिटला ७ रुपये, व्याजदर १० टक्के आणि आयुष्य २५ वर्षे धरू. दरवर्षीच्या एका रुपयाचे आजचे एकत्रित मूल्य सुमारे ९.०८ रुपये होते, त्यामुळे एक किलोवॅट नो-लोड लॉसची भांडवली किंमत, म्हणजे आयुष्यभराच्या त्या लॉसचे आजचे मूल्य, ८७६० गुणिले ७ गुणिले ९.०८, म्हणजे जवळपास ५.५७ लाख रुपये येते. लोड लॉसला हाच दर लावता येत नाही, कारण वाइंडिंगमधला लॉस प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कमाल भार क्षमतेच्या ६० टक्के आणि लोड फॅक्टर, म्हणजे सरासरी भाराचे कमाल भाराशी प्रमाण, ०.५ असेल, तर लोड फॅक्टरच्या ०.३ पट अधिक त्याच्या वर्गाच्या ०.७ पट या रूढ सूत्राने लॉस लोड फॅक्टर, म्हणजे सरासरी लोड लॉसचे कमाल भारावरच्या लोड लॉसशी प्रमाण, ०.३२५ येतो. त्याला ०.६ च्या वर्गाने, म्हणजे ०.३६ ने, गुणले की ०.११७ मिळतात, आणि एक किलोवॅट लोड लॉसची किंमत अवघी ६५ हजार रुपये ठरते. (सरासरी भार ३० टक्के म्हणून थेट त्याचा वर्ग, ०.०९, घेणे चूक आहे, कारण चढ्या भाराच्या तासांचे वजन त्यात हरवते.)

या दरांनी पहिल्या बोलीचा एकूण खर्च ३१.३ लाख, तर दुसरीचा २९.५५ लाख रुपये येतो. जादा दिलेले १.२ लाख वसूल होऊन वर पावणेदोन लाख वाचतात. दोन्ही लॉसना एकच दर लावणे म्हणजे ट्रान्सफॉर्मर वर्षभर पूर्ण भारावर चालेल असे गृहीत धरणे होय, आणि वितरणातल्या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत हे गृहीतक क्वचितच खरे ठरते.

दाव्यात तथ्य कुठे आहे, हेही याच आकड्यांतून दिसते. भाराची वर्गसरासरी काढून तिचे वर्गमूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या जवळ पोहोचले की दोन्ही बोली सारख्या होतात, आणि त्यापुढे पहिली बोली स्वस्त पडते. जनित्राला जोडलेला, जवळजवळ सतत पूर्ण भारावर चालणारा ट्रान्सफॉर्मर घेताना बेरजेवरची तुलना फारशी चुकत नाही. म्हणूनच भाराचे गृहीतक कुठल्या तरी जुन्या निविदेतून उचलू नये. ज्या जागी ट्रान्सफॉर्मर बसणार आहे, तिथला भार पाहून ते ठरवावे. शिवाय दोन्ही दर निविदेतच जाहीर करावेत, कारण गाभ्यात अधिक पोलाद घालायचे की वाइंडिंगचा तांब्याचा छेद वाढवायचा, हे उत्पादक त्यांवरूनच ठरवतो.

आकडे हवे तसे लिहिले जातात ही तक्रार खरी आहे; तिच्यावरचा उपाय मात्र भांडवलीकरण सोडून देणे हा नव्हे. आयईसी ६००७६-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकूण लॉसला १० टक्के आणि, एकूण मर्यादा न ओलांडता, प्रत्येक घटकाला १५ टक्क्यांपर्यंत जादा सूट मिळते. १.१ ची हमी देऊन चाचणीत १.२ किलोवॅट आले, तरी माल त्या सुटीत बसतो, पण खरेदीदारावर सुमारे ५५,७०० रुपयांचा बोजा पडतो. तेव्हा हमीचे आकडे कमाल मर्यादा म्हणून, शून्य जादा सुटीसह मागवावेत, लोड लॉस सर्वांनी एकाच संदर्भ तापमानाला, उदाहरणार्थ ७५ अंश सेल्सिअसला, दाखवावा, आणि चाचणीत जितका लॉस जास्त निघेल तितकी रक्कम मूल्यमापनाच्याच दराने बिलातून कापली जाईल, ही अट करारात लिहावी.