व्याजाचे गणित आणि यंत्राने लिहिलेले लेख

“एआयने लिहिलेला लेख लगेच ओळखू येतो, कारण भाषा मोडकी असते. नामांकित साइटवर संपादक तपासतातच, आणि चार ठिकाणी तेच लिहिलेले असेल तर माहिती खरीच समजावी.” असा अनेकांचा समज असतो. त्यातला एकेक मुद्दा पाहू.

पहिला मुद्दा भाषेचा. सीनेट या अमेरिकी संकेतस्थळाने २०२२ च्या अखेरीस अर्थविषयक लेख यंत्राकडून लिहून घेतले, आणि त्यांची भाषा निर्दोष होती. चक्रवाढ व्याजावरच्या लेखात मात्र असे लिहिले होते की, १०,००० डॉलर वार्षिक ३ टक्क्यांनी ठेवल्यास पहिल्या वर्षाअखेरीस तुम्ही १०,३०० डॉलर कमवाल. कमाई खरे तर ३०० डॉलरची. १०,३०० ही मुद्दलासह होणारी शिल्लक आहे. वाचताना हे खटकत नाही, कारण आकडा योग्य असून फक्त चुकीच्या क्रियापदाला जोडलेला आहे.

त्याच लेखातली दुसरी चूक अधिक घातक होती. २५,००० डॉलरच्या वाहनकर्जावर ४ टक्के दराने दरवर्षी सरसकट १,००० डॉलर व्याज पडते, असे त्यात म्हटले होते. हप्त्यागणिक मुद्दल घटते, म्हणून व्याजही घटते: पाच वर्षांच्या कर्जात पहिल्या वर्षी सुमारे ९१६ डॉलर आणि शेवटच्या वर्षी जेमतेम ११८. ज्याने एकदा तरी गृहकर्जाच्या हप्त्यांचा तक्ता पाहिला आहे, त्याला ही चूक तत्काळ दिसते. म्हणून अशा लेखातले एखादे उदाहरण कागदावर स्वतः सोडवून पाहावे. शैली न्याहाळण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी खात्रीची आहे.

संपादकांच्या तपासणीविषयी एवढेच सांगतो: हे लेख संपादकांच्या नजरेखालून गेल्याचे सांगितले जात होते, तरीही जानेवारी २०२३ मध्ये फेरतपासणी झाल्यावर ७७ पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या.

राहिला चार ठिकाणांचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वाधिक फसगत इथेच होते. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी आयर्लंडमधील डब्लिनच्या ओ'कॉनेल रस्त्यावर हजारो लोक हॅलोविनची मिरवणूक पाहायला जमले, पण मिरवणूक नव्हतीच. पोलिसांना गर्दीला परत जायला सांगावे लागले. बातमीचा उगम एकाच संकेतस्थळावर होता, आणि लेखनात एआयची मदत घेतल्याचे त्याच्या मालकानेच नंतर सांगितले. समाजमाध्यमांवर ती पसरल्याने अनेक ठिकाणी दिसू लागली, तरी साक्षीदार एकच राहिला. त्यामुळे ‘किती ठिकाणी आहे’ हे मोजण्याऐवजी ज्याच्या नावावर कार्यक्रम खपवला जात आहे, त्या आयोजकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि पालिकेच्या रस्ते बंद ठेवण्याच्या सूचनेत त्याचा उल्लेख शोधावा. शहराचा मुख्य रस्ता अडवणारी मिरवणूक अशा सूचनेशिवाय निघत नाही.