मराठी वाचन बंद करायची गरज नाही

"पोरगं इंग्लिश मीडियमला टाकलं की घरी मराठी वाचन बंदच करा, नाहीतर गोंधळतं."

असं काही नाही हो. मुद्दा शोधणं, कारण सांगणं हे मराठीत जमलं की इंग्लिशमध्येही कामाला येतं, फक्त स्पेलिंग, उच्चार अन् शब्द वेगळे शिकवावे लागतात. आमच्या यावलकडचा पाचवीतला एक पोरगा, इंग्लिश पॅरा केळीच्या बागेचा, तो वाचून ड्रिप का लावतात ते त्याला सांगता येईना, तोच पॅरा मराठीत सांगितला तर लगेच म्हणे पाणी मुळाशी जातं, वाया जात नाही. म्हणजे समज होती, अडलं होतं 'रूट' अन् 'वेस्ट'पाशी. ते दोन शब्द दिले, परत वाचायला लावलं, उत्तर आधी अहिराणीत घेतलं (घरात तेच बोलतात ना!), मग इंग्लिशमध्ये. मराठीतही अडला असता तर आधी समजेवरच काम करावं लागलं असतं. अन् ओळीओळीला चार शब्द अनोळखी असतील तर अंदाजही चालत नाही, तेव्हा सोपं पुस्तक घ्या.