कपाटात कोंडलेलं ग्राफिक्स कार्ड आणि ‘फक्त 35 डेसिबल’

“ग्राफिक्स कार्डाचा आवाज फक्त 35 डेसिबल, म्हणजे कुजबुजीइतका. बेडरूममध्ये बिनधास्त ठेवा. 1) छताचा पंखा चालू असला की ऐकूच येत नाही. 2) तरी आवाज वाटला तर सीपीयू कपाटात ठेवून दार लावा, प्रश्न मिटला. 3) एकसारख्या आवाजाने उलट झोप चांगली लागते. 4) मोठ्या फॅनचं महागडं कार्ड घ्या, आवाज शून्य. सगळ्यांना पाठवा.”

काकांनी हे घरच्या ग्रुपवर टाकलं ते त्यांच्या लेकीला गप्प करायला. बेळगावात वडगावच्या घरात दोघा भावंडांची अभ्यासाची खोली एकच. तिचं सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, चालू आहे, आणि रात्री दहानंतर भाऊ गेम लावतो. तिने तक्रार केली, तर हे उत्तर! तेव्हा जरा चिडूनच लिहितोय.

आधी तो आकडा. डेसिबलचा आकडा किती अंतरावरून आणि किती लोडवर मोजला हे सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नसतो, आणि मेसेजमध्ये दोन्ही नाही. तरी घटकाभर 35 खरा धरू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेत झोपायच्या खोलीत सतत चालणाऱ्या आवाजाची मर्यादा 30 डेसिबल दिली आहे आणि वर्गखोलीची 35. म्हणजे मेसेजचा स्वतःचाच आकडा बेडरूमला नापास, आणि अभ्यासाच्या खोलीत काठावर पास. तोही खोलीत दुसरा कसलाच आवाज नसेल तर. शिवाय कुजबुज दोन मिनिटांत संपते, गेम तीन तास चालतो.

लोड आला की हा आकडा जागेवर राहत नाही. फॅनचा वेग दुप्पट झाला की आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने वाढतो, आणि दर 10 डेसिबलला कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मिनिटाला हजार फेऱ्यांवर 35 असलेलं कार्ड दोन हजारांवर 50 च्या घरात जातं. त्यात आपल्याकडच्या खोल्या दहा बाय दहाच्या, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. आवाज शोषायला गादीशिवाय काही नाही. त्यामुळे टेबलापासून दोन मीटर लांब झोपलं तरी मोकळ्या जागेत आवाज जितका उतरेल तितका इथे उतरत नाही.

पंख्याचं म्हणणं एप्रिल-मेमध्ये चालेल. पण हे बेळगाव आहे. पावसाळाभर खिडक्या बंद, डिसेंबर-जानेवारीत रग अंगावर, तेव्हा छताचा पंखा लावतो कोण? आणि पीयूसीच्या परीक्षेआधीचे अभ्यासाचे महिने नेमके थंडीचे.

आता कपाट. मेसेजमधला सगळ्यात वेडगळ सल्ला हाच, आणि काकांनी नेमका तोच उचलला. मुलाकडे आरटीएक्स 3060 आहे. पूर्ण लोडवर हे कार्ड एकटंच 170 वॅटपर्यंत घेतं. प्रोसेसर, बोर्ड, पॉवर सप्लाय मिळून आणखी शंभरेक धरा. यातला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. म्हणजे जुने शंभर वॅटचे पावणेतीन बल्ब कपाटात पेटवून वर दार लावून घेतल्यासारखं झालं.

मग आत काय होतं? कार्डाचा फॅन थंडी तयार करत नाही, समोरची हवा फक्त कार्डावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून ढकलतो. खोलीतली हवा 28 अंश असेल आणि त्या वेगाला कार्ड हवेपेक्षा 40 अंश वर राहत असेल, तर ते 68 वर थांबतं. दार लावल्यावर बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. कपाटातली हवा 43 झाली की त्याच वेगाला कार्ड 83 वर जायला हवं. या कार्डांची नेहमीची तापमान-मर्यादा तिथेच कुठेतरी असते, म्हणून त्याच्या बरंच आधी फॅन वेग वाढवतो. तोही पुरेना झाला की कार्ड स्वतःचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, खाली आणतं आणि गेम अडखळायला लागतो. म्हणजे आवाज कमी करायला केलेल्या उपायाने फॅन जास्त ओरडतो. वर कपाटाची पातळ प्लायची पाठ त्याच सुरात घुमते, आणि जो आवाज दाराने अडवला तो फटीतून आणि प्लायमधून बाहेर येतोच.

हे घरी ताडून बघता येतं. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान आणि फॅनच्या फेऱ्या दोन्ही दिसतात. तोच गेम दार उघडं ठेवून वीस मिनिटं चालवा, मग दार लावून वीस मिनिटं. तापमान जवळपास तेच राहून फेऱ्या चढत गेल्या, तर दोष कार्डाचा नाही, कपाटाचा.

उपाय वेगळा आहे, फुकटही आहे. उष्णताच कमी तयार होऊ द्यायची. मुलाचा मॉनिटर 60 हर्ट्झचा, आणि कार्ड सेकंदाला सव्वाशे-दीडशे चित्रं काढत बसलेलं. त्यातली निम्मी-अधिक पडद्यावर पूर्ण येतच नाहीत. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Max Frame Rate` 60 केलं, की कार्डाचा खप मध्यम जोराच्या गेममध्ये चांगलाच उतरतो. जड गेमला हे पुरत नाही. तिथे आफ्टरबर्नरमधला `Power Limit` 75 टक्क्यांवर आणायचा. 170 चे साधारण 128 वॅट होतात, वेगात घट त्या मानाने बरीच कमी येते. फॅन दोन हजारांवरून दीड हजारांवर उतरला तरी वरच्याच हिशेबाने सहाएक डेसिबल गेले. फक्त उष्णता कमी न करता फॅनलाच 30 टक्क्यांवर बांधून ठेवू नका. ते कपाटाचंच दुसरं रूप.

एकसारख्या आवाजाबद्दल मात्र मान्य करावं लागेल. संथ, न बदलणारा आवाज चढ-उतारापेक्षा सुसह्य असतो, हे खरंच आहे. पण कार्डाचा आवाज एकसारखा असतो कुठे? बऱ्याच कार्डांचे फॅन 50-60 अंशांखाली पूर्ण थांबतात. गेमचा मेन्यू आला, फॅन बंद. सामना सुरू, फॅन चालू. शांत खोलीत पुस्तक वाचणाऱ्याला हेच सगळ्यात जास्त टोचतं. फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती फिरावा ती रेघ, हाताने आखून खालचा वेग कायम चालू ठेवला आणि तापमान किती अंश उतरल्यावर फॅन मंदावावा हे ठरवणारा आफ्टरबर्नरमधला `Temperature hysteresis` थोडा वाढवला, तर ही उघडझाप थांबते.

महागड्या कार्डाचं अर्धं खरं. मोठे फॅन कमी फेऱ्यांत तितकीच हवा ढकलतात. पण तीनशे वॅटचं कार्ड घेतलं तर ती कमाई उष्णतेतच जाते. आणि कार्डावरच्या तारेच्या वेटोळ्यांची, म्हणजे कॉइलची, बारीक किणकिण फॅनची नसतेच, त्यामुळे मोठ्या फॅनने ती जात नाही. मेन्यूत शेकडो फ्रेम निघत असताना ती वाढते. फ्रेमची मर्यादा लावली की बऱ्याचदा दबते.

रात्रभर रेंडर लावून त्याच खोलीत झोपणार असाल तर यातलं काहीही केलं तरी 30 च्या खाली येण्याची आशा धरू नका, मशीन हॉलमध्ये न्या. आणि काका, मुलीच्या अभ्यासाच्या वेळात मुलाला हेडफोन देऊन भागत नाही. हेडफोनने त्याच्या गेमचा आवाज जातो, कार्डाचा तिच्याच कानात राहतो.